माझ्या तक्त्यात नसलेला रकाना

आई गेल्यावर वर्षभर मी तिच्या क्लिप पाहिल्या नाहीत. मोजल्या मात्र होत्या. त्या अकरा होत्या आणि सगळ्यांचा मिळून वेळ सव्वीस मिनिटं चाळीस सेकंद. हे मला तेव्हाही पाठ होतं, आजही आहे.

मी तळेगावच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. आलेला सुटा भाग मोजायचा, नकाशावरच्या आकड्याशी ताडून पाहायचा, जुळला तर पुढे, नाही जुळला तर लाल चिठ्ठी. बावीस वर्षं हेच केलं. माणूस दिवसभर जे करतो तेच घरीही करतो. घोरावाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये गॅसची टाकी किती दिवस चालली याचीसुद्धा वही आहे. बायको म्हणते, "तुम्ही वरण चाखत नाही, तपासता." तिचं खोटं नाही.

आई कान्ह्याजवळच्या आमच्या गावी राहायची. शेवटच्या आजारपणाआधीच्या वर्षात मी दर रविवारी जायचो आणि फोनवर तिचं काही ना काही टिपायचो. ती एका जागी बसणारी बाई नव्हती. विळीवर बसली तरी दोन मिनिटांत उठून कोंबड्यांना हाकलायला जायची. त्यामुळे फोन बहुतेक वेळा उभाच धरलेला. उभ्या माणसासाठी उभा फोन. तीनच क्लिप मी फोन आडवा धरून काढल्या होत्या, कारण त्यांत शेत होतं आणि शेत रुंद असतं.

मग तिचं दुखणं सुरू झालं आणि तिला आमच्याकडे आणलं. दवाखान्याचे कागद, तपासण्यांचे फोटो, आणि फोन भरला. तेव्हा मी एका दुपारी त्या अकराही क्लिप संगणकावर उतरवल्या आणि माझ्याकडे कैक वर्षांपासून असलेल्या एका फुकट प्रोग्रॅमातून काढून लहान केल्या. हे काम मी माझ्या पद्धतीनं केलं. एक तक्ता आखला. त्यात पाच रकाने: फाइलचं नाव, कालावधी, रुंदी, उंची, आकार. मूळ फाइलचे आकडे एका ओळीत, नव्या फाइलचे त्याखाली. आकार कमी व्हायलाच हवा होता, तो झाला. बाकीचे आकडे जुळायला हवे होते, ते जुळले. रुंदी एक हजार नऊशे वीस, उंची एक हजार ऐंशी. अकराच्या अकरा. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि मूळ फाइली फोनमधून आणि संगणकातून पुसून टाकल्या. एकच क्लिप फोनमध्ये राहू दिली. त्यात आई पायरीवर उभी राहून माझ्याकडे बघत म्हणते, "काय धरलायस त्यो फोन तोंडावर? झालं का न्हाई तुजं?" ती मला जवळ हवी होती.

नव्या फाइली मी उघडून पाहिल्या नाहीत. शेजारच्या खोलीत ती झोपलेली होती, कण्हत होती. हिंडणारी आई पडद्यावर बघायची माझी तयारी नव्हती. आकडे जुळले होते, एवढं मला पुरेसं वाटलं.

पहिलं पुण्यस्मरण कामशेतच्या एका मंगल कार्यालयात केलं. प्रवचन, मग जेवण. त्या कार्यालयाचा नियम असा की व्हिडिओ आणि मोठा पडदा त्यांच्या यादीतल्याच माणसाकडून घ्यायचा. यादीत तिघं होते. त्यांतला एक आमच्या ओळखीचा निघाला, कान्ह्याचा. त्याच्या वडिलांचा बाजारात फोटो स्टुडिओ होता, तो आता हा चालवतो. मुसलमान घर, पण आमच्याकडे जाणं-येणं असं की माझ्या लग्नाचं शूटिंग त्यानंच केलेलं, आणि त्या दिवशी सगळे जेवले तरी हा जेवला नाही हे फक्त आईच्या ध्यानात राहिलं होतं. तेव्हापासून तो तिला मावशी म्हणायचा आणि मला भाऊ. व्यासपीठावर हार घातलेला आईचा जो फोटो होता, तोही त्याच्याच स्टुडिओतला.

सकाळी मी त्याच्या हातात पेनड्राइव्ह दिला. तो म्हणाला, "भाऊ, काल दिला असता तर एकदा लावून बघितलं असतं. जरा नीट जोडूनपण दिलं असतं."

मी म्हणालो, "जोडायचं काही नाही. मी सगळं तपासलंय. आहे तसं लावा, काही बदलू नका."

"बरं. तुम्ही तपासलंय म्हणजे झालंच," तो हसून म्हणाला. त्या हसण्यात टोमणा नव्हता. तो गेल्यावर मी घड्याळ पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं.

प्रवचन साडेअकराला संपलं. तोवर प्रवचनकार बुवा पडद्यावर अगदी व्यवस्थित दिसत होते. मग मी माइकवर दोन वाक्यं बोललो आणि पहिली क्लिप लागली.

आई पडद्यावर आडवी होती. डोकं डावीकडे, पाय उजवीकडे. अंगणात झाडू मारत होती ती, पण दिसत होतं ते असं की कुणी तिला कुशीवर निजवलंय आणि ती निजल्या निजल्या हात हलवतेय. उभी असती तर पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊन मधे ती चिंचोळी दिसली असती. आडवी होती म्हणून तिनं अख्खा पडदा व्यापला होता, इकडच्या कडेपासून तिकडच्या कडेपर्यंत. शेवटचे तीन महिने ती जशी पडून होती, तशी. अडीचशे माणसांपुढे.

मग माझ्या मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, "मयताला ठेवत्यात तसं दिसतंय गं."

माझी मोठी बहीण, आक्का, पहिल्या रांगेत होती. लोणावळ्यात तुंगार्लीला तिचे यजमान एका बंगल्याची देखभाल बघतात, तिथंच राहतात दोघं. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "अरं, आईला उटवा की! अशी काय दाखवताय तिला?"

दुसरी क्लिपही तशीच. तिसरी सुरू झाली तेव्हा तो स्टुडिओवाला लॅपटॉपवर वाकला, काहीतरी दाबलं, आणि चित्र गर्रकन फिरून सरळ झालं. सभागृहात लोकांनी सोडलेला श्वास ऐकू आला. चौथीही सरळ गेली. पाचवी लागली ती शेताची, मी फोन आडवा धरून काढलेली, भातलावणीची. ती या फिरवण्यानं उभी झाली. बांध भिंतीसारखा वर गेला आणि लावणीच्या बाया त्याला चिकटल्यासारख्या दिसू लागल्या.

मागून कुणीतरी म्हणालं, "आता शेत टांगलं बगा खुटीला." आणि लोक हसले. आईच्या वर्षश्राद्धाला लोक हसले.

त्यानं ते फिरवणं काढलं. शेत सरळ झालं. सहावीला आई परत आडवी.

मी चालत गेलो आणि पेनड्राइव्ह उपसून काढला. लॅपटॉप बंद करायलाही सांगितलं नाही. तो म्हणाला, "भाऊ, ऐका. दोन मिनिटं द्या. पडद्याचा दोष नाही, माझ्या लॅपटॉपवरपण आडवीच दिसतायत. फाइलीतच गडबड आहे."

"माझ्या फाइली बरोबर आहेत. मी तपासल्यात."

"तुमच्या मूळ फाइली असतील बरोबर. ह्या मूळ नाहीत. कुणीतरी कन्व्हर्ट केल्यात. भाऊ, फोन तुम्ही उभा धरलात तरी आतला सेन्सर काही वळत नाही. तो चित्र आडवंच लिहितो. फक्त फोनला कळतं की आपल्याला उभं धरलंय, म्हणून तो फाइलीवर एक चिठ्ठी लावतो, की दाखवताना नव्वद अंश फिरवा. दाखवणारा ती वाचतो, फिरवतो, आपल्याला सरळ दिसतं. कन्व्हर्ट करताना ती चिठ्ठी गळली की झालं. ह्या उभ्या धरलेल्या सगळ्यांची गळलीय. शेताच्या क्लिपला चिठ्ठी लागतच नाही, म्हणून ती बरी होती. मी सगळ्यांना एकदम फिरवायला सांगितलं, ती माझी चूक. क्लिपगणिक करायला हवं होतं. मूळ आहेत का फोनमध्ये?"

यात एक शब्दही चुकीचा नव्हता, हे मी आज लिहू शकतो. तेव्हा मी काय केलं? खिशातून फोन काढला, ती एक राखलेली क्लिप लावली आणि हात वर करून सगळ्यांना दाखवली. आई पायरीवर सरळ उभी. "झालं का न्हाई तुजं?"

"ही बघा," मी म्हणालो. "माझ्या फोनवर सरळ आहे. तुमच्या मशीनवर गेली की आडवी होते. आता चिठ्ठ्या कुणाच्या गळतायत ते लोकांना कळू द्या."

तो फोनकडे बघत राहिला. "भाऊ, ही मूळ आहे. हीच मला द्या ना, लगेच दाखवतो फरक."

"आता काही दाखवू नका. पुष्कळ दाखवलंत."

त्यानं वायरी गुंडाळल्या. आईच्या फोटोला नमस्कार करून गेला. जेवला नाही. हे या वेळी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

सोमवारी मी कार्यालयाच्या व्यवस्थापकाला पत्र लिहिलं. ते पत्र मी कारखान्यात दोषाचा अहवाल लिहितो तसं लिहिलं, क्रमवार. एकूण क्लिप अकरा. दाखवल्या सहा. त्यांपैकी आडव्या दिसल्या चार, चुकीची फिरवलेली एक. संगणकावर मी तपासलेली रुंदी आणि उंची, सोबत तक्त्याची प्रत. शेवटी एक वाक्य: "संबंधितांनी आपल्या यंत्रातील दोष मान्य करण्याऐवजी ग्राहकाच्या फाइलीला दोष दिला, आणि हे वर्तन अशा प्रसंगी अक्षम्य आहे." हे वाक्य मला तेव्हा आवडलं होतं. मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या माणसाला एकदा फोन करून विचारा तरी." मी म्हणालो, आकडे जुळलेत, विचारायचं काय?

आठवड्यात व्यवस्थापकाचा फोन आला. आवाजात लोणी. "साहेब, एवढं मुद्देसूद पत्र आम्हाला आजवर आलं नव्हतं. आम्ही त्यांना यादीतून काढलंय. बाकीच्या कार्यालयांच्या ग्रुपवरही पत्राचा फोटो टाकलाय, म्हणजे इतरांची फसगत नको." मी त्यांचे आभार मानले.

दोन महिन्यांनी आक्काचा फोन आला. तिनं नवा फोन घेतला होता. "आईचं ते व्हिडिओ दी की धाडून. दुपारचं येकटीच असते मी. बंगल्यात पावणं नसलं म्हंजी घर खायाला उटतं."

मी संगणकावरून झाडू मारण्याची क्लिप पाठवली. पाच मिनिटांत तिचा पुन्हा फोन.

"अरं, हितं बी आई आडवीच हाय की."

"फोन फिरवून बघ."

"फिरवला. मी फिरवते तसं त्ये बी फिरतं. मान वाकडी करून बगितलं शेवटी. तूच बग."

तिथं स्टुडिओवाला नव्हता, त्याचा लॅपटॉप नव्हता, कार्यालयाचा पडदाही नव्हता. माझ्या घरून निघालेली फाइल तुंगार्लीला पोचली होती, मधे दुसऱ्या कुणाचा हात नव्हता. मी फोन ठेवला आणि संगणकासमोर बसलो.

आधी ती क्लिप माझ्या संगणकावर उघडली. पहिल्यांदा. आई आडवी होती.

मग तपासणी सुरू केली, जी दोन महिन्यांआधी करायची होती. पायरीवरच्या क्लिपची फोनमध्ये राखलेली मूळ फाइल आणि तिचीच मी लहान केलेली प्रत, दोन्ही शेजारी ठेवल्या. फाइलीची माहिती दाखवणारा जो प्रोग्रॅम मी तक्त्यासाठी वापरला होता तोच उघडला. कालावधी तोच. रुंदी एक हजार नऊशे वीस, उंची एक हजार ऐंशी, दोन्हींत. माझ्या तक्त्याप्रमाणे काही फरक नाही. पण ती माहितीची यादी खाली आणखी बरीच लांब होती, आणि मी कधी तेवढ्या खाली गेलो नव्हतो. मूळ फाइलीत खाली एक ओळ होती: फिरवणं, नव्वद अंश. प्रतीत ती ओळच नव्हती. शून्य असं नव्हे. ओळच नाही.

मी पुन्हा रुंदीकडे पाहिलं. रुंदी उंचीपेक्षा मोठी. उभ्या धरलेल्या फोनची क्लिप, उभी दिसणारी, आणि तिची रुंदी उंचीपेक्षा जास्त? कारखान्यात एखाद्यानं मला उभा खांब दाखवून त्याची रुंदी उंचीहून मोठी लिहिली असती तर मी त्याला दारातून परत पाठवलं असतं. अकरा क्लिप, आठ उभ्या, तीन आडव्या, आणि अकरांच्याही पुढे तेच दोन आकडे त्याच क्रमानं. माझ्याच अक्षरात. पुढे बरोबरच्या खुणा.

खात्री करायची म्हणून भिंतीवरच्या घड्याळाची क्लिप काढली, फोन उभा धरून, दहा सेकंदांची. त्या जुन्या प्रोग्रॅमातून काढली. घड्याळातले बारा नऊच्या जागी जाऊन बसले. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. फोन आडवा धरून काढलेली क्लिप मात्र तशीच सरळ बाहेर आली. मग एक नवा प्रोग्रॅम उतरवून घेतला. त्यानं चिठ्ठी वाचली, चित्र खरोखरच फिरवून नव्यानं लिहिलं. बाहेर आलेल्या फाइलीत रुंदी एक हजार ऐंशी आणि उंची एक हजार नऊशे वीस. नव्वदाची ओळ नाही, कारण आता तिची गरज नव्हती. घड्याळ सरळ.

म्हणजे काम नीट झालं असतं तर माझे आकडे जुळले नसते. ते जुळले, कारण त्या जुन्या प्रोग्रॅमानं चित्राला हातच लावला नव्हता आणि चिठ्ठी तेवढी फेकून दिली होती. माझ्या रीतीनं मी बरोबर फाइल नापास केली असती आणि बिघडलेली पास. केलीच होती. आणि पास केली म्हणून मूळ पुसली होती.

पत्राची प्रत काढून वाचली. "आडव्या दिसल्या चार, चुकीची फिरवलेली एक." हे तर मीच लिहिलं होतं. दोष पडद्याचा किंवा लॅपटॉपचा असता तर फिरवणं काढल्यावर शेत सरळ का झालं असतं? उभ्या क्लिप पडल्या, आडव्या टिकल्या, यातच सगळं उत्तर होतं. ते उत्तर मी मोजून, क्रमांक घालून, त्याच्याविरुद्ध वापरलं.

बायको चहा घेऊन आली. मी सांगितलं. तिनं कप कीबोर्डशेजारी ठेवला. मग म्हणाली, "आता हेही लिहून द्या. तेवढ्याच मुद्देसूद."

लिहिलं. तीन प्रती काढल्या. एक माझ्यासाठी, एक व्यवस्थापकासाठी, एक त्याच्यासाठी. शनिवारी रजा टाकून कामशेतला उतरलो.

व्यवस्थापकानं पत्र हातात घेतलं, पहिल्या चार ओळी वाचल्या. "असं होय. चालायचंच. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत."

"त्यांना पुन्हा यादीत घ्या. आणि हे पत्रही त्या ग्रुपवर टाका."

"यादीचं आता वर्षाचं ठरलंय, साहेब. नव्या माणसानं मोठा पडदा आणलाय, त्याला काय सांगू? आणि ग्रुपवर..." तो हसला. "ग्रुपवर आता जुना विषय कुठं काढता? लोक विसरले ते."

"पत्र विसरले की माणूस वाईट आहे हे विसरले?"

त्यानं माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "ठेवा इथं," म्हणाला आणि पत्र टेबलावरच्या काचेवर ठेवलं, त्यावर पेन ठेवलं. पहिल्या पत्राचा फोटो निघाला होता. याचा निघाला नाही. मी तिथं दहा मिनिटं थांबलो, तेवढ्यात त्यानं त्या पत्रावर कुणाचा तरी मोबाइल नंबर टिपून घेतला.

तिथून कान्ह्याला गेलो. स्टुडिओचं एक शटर खाली होतं, एक वर. आत तो एकटा होता, कॅमेऱ्याची बॅग भरत होता. मला पाहून उठला.

"या. बसा, साहेब."

मी बसलो. एका शब्दात इतकी वर्षं गेली हे मला बसल्यावर कळलं.

"तुंगार्लीला निघालोय," तो म्हणाला. "बंगल्यात वाढदिवस आहे. मुंबईची मंडळी. आता तेच करतो. त्यांना सगळं उभंच लागतं, रीलसाठी. आडवं कुणाला नकोच."

मी पत्र पुढे केलं. त्यानं उभ्यानंच वाचलं, सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत. घड्याळाची चाचणी, दोन्ही प्रोग्रॅमांचे आकडे, माझी चूक कुठं झाली, सगळं त्यात होतं. वाचून झाल्यावर त्यानं त्याची नीट घडी घातली.

"पहिलं पत्र जास्त चांगलं होतं, साहेब," तो म्हणाला. "त्यात जोर होता. माझ्या मुलीच्या सासऱ्यांनीपण वाचलं ते. त्यांना कुणीतरी पाठवलं होतं. तिला म्हणाले, मयताच्या कार्यक्रमातसुद्धा तुमचे वडील अशी कामं करतात का?"

त्यानं ती घडी शर्टाच्या खिशात ठेवली.

"तुम्ही लिहिलंय की मी ग्राहकाला दोष दिला. मी फक्त मूळ फाइल मागितली होती. दोनदा."

"हो. दोनदाच."

"मोजलंत म्हणजे," तो म्हणाला. मग हात पुढे केला. "पेनड्राइव्ह आणलाय?"

मी खिशातून काढून दिला. तो लॅपटॉपसमोर बसला. माझ्याकडे न बघता, एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगत गेला. "चित्र पुन्हा कन्व्हर्ट करत नाही. आधीच एकदा दाबलंय तुम्ही, परत केलं तर आणखी खराब होईल. नुसती चिठ्ठी परत लावतो. आठांना. शेताच्या तीन तशाच ठेवतो. घरी, फोनवर सरळ दिसतील. कार्यालयात लावायच्या असतील तर मात्र तिथल्या माणसाला विचारा, काही पडद्यांची मशीनं चिठ्ठी वाचत नाहीत. त्यांच्यासाठी चित्रच फिरवून द्यावं लागतं."

"आता कुठं लावायच्या आहेत," मी म्हणालो.

एका क्लिपला काही क्षणही लागले नाहीत. आठही झाल्या. ज्या कामाला तेव्हा तो दोन मिनिटं मागत होता, त्याला तेवढाही वेळ लागला नाही. खात्रीसाठी त्यानं पहिली लावली.

आई सरळ उभी होती. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, मधे ती चिंचोळी, अंगण झाडत. कडा जरा फुटलेल्या, झाडूच्या काड्या वेगळ्या दिसत नव्हत्या, सगळा मिळून एक पुंजका. ते माझ्या लहान करण्यानं झालं होतं. तेवढं कुठली चिठ्ठी परत आणू शकत नाही. ती कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, कंबरेवर हात ठेवून कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि कॅमेऱ्यामागच्या मला म्हणाली, "बसलायस काय? त्या स्टुडिओवाल्याच्या घरनं डबा आलाय त्यो रिकामा धाडायचा न्हाय. त्यात घाल काय तरी."

हे तिनं म्हटलं होतं हे मला आठवत नव्हतं. आडवी दिसत होती तोवर तिचं बोलणं मी ऐकलंच कुठं होतं?

त्यानं ऐकलं. बोट बटणावर होतं, ते तिथंच राहिलं. क्लिप आपोआप संपली आणि पडदा काळा झाला. मग त्यानं पेनड्राइव्ह काढून माझ्यापुढे ठेवला.

"त्या डब्यात तिळाचे लाडू होते," तो म्हणाला. "मावशींनी पाठवले होते."

बॅग खांद्याला लावून तो दाराशी गेला, मी बाहेर यायची वाट बघत उभा राहिला, आणि दुसरं शटरही खाली ओढलं. "चला साहेब, मला उशीर होतोय." स्टेशनच्या रस्त्यानं तो माझ्यापुढे काही पावलं चालत होता. लोणावळ्याकडच्या फलाटावर तो गेला, पुण्याकडच्या फलाटावर मी. त्याची गाडी आधी आली.

आक्काला मी त्याच संध्याकाळी आठही क्लिप पाठवल्या. तिचा फोन आला. "आता उबी हाय," ती म्हणाली. "कुणी केलं नीट?"

मी सांगितलं.

"मग त्याला परत बोलाव की घरी. जेवायला."

मी बोलावलं आहे. दोनदा. दोन्ही वेळा त्यानं फोन घेतला, नीट बोलला, आणि साहेब म्हणाला.